गोळीची झोप आणि रात्रीची नाडी

रात्री नऊला गोळी घेतली, साडेनऊला डोळे जड झाले आणि सकाळी सहापर्यंत एकदाही जाग आली नाही. अशी रात्र गेली की माणूस म्हणतो, झोप छान झाली. पण हल्ली अनेकांच्या मनगटावर नाडी मोजणारं घड्याळ असतं आणि सकाळी त्यात पाहिलं तर वेगळंच दिसतं. झोप आठ तास, पण रात्रीची नाडी नेहमीपेक्षा चार-पाच ठोक्यांनी जास्त आणि ‘एचआरव्ही’ नावाचा आकडा खाली आलेला. मग प्रश्न पडतो की घड्याळ चुकतंय, हृदयात काही बिघडलंय, की गोळीमुळे असं होतंय?

पुष्कळदा कारण गोळीच असते. ॲलर्जीची, झोपेची आणि चिंता कमी करणारी गोळी या तिन्ही आपल्याकडे ‘झोप आणणाऱ्या गोळ्या’ म्हणूनच ओळखल्या जातात. पण मेंदूला गुंगी आणणं आणि हृदयाला विसावा देणं ही दोन वेगळी कामं आहेत. एकच गोळी पहिलं काम करते आणि दुसऱ्यात अडथळा आणते, असं घडू शकतं. हे सर्वांत स्पष्ट दिसतं ते जुन्या पिढीच्या ॲलर्जीच्या गोळ्यांत, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

हृदयाचा ब्रेक

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. ठोक्याची सुरुवात तिथे होते. बाहेरून कोणताही हुकूम आला नाही, तर तरुण माणसात हा पुंजका मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके देतो. वय वाढतं तसा हा मूळ वेग थोडा उतरतो. तरीही शांत बसलेल्या माणसाची नाडी साठ-सत्तर असते, कारण मेंदूच्या तळापासून निघणारी व्हेगस नावाची नस त्या पुंजक्यावर सतत ब्रेक दाबून असते. गाढ झोपेत हा ब्रेक आणखी दाबला जातो आणि नाडी दिवसापेक्षा खाली येते.

व्हेगस हे काम कसं करते, हे ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात केलेल्या आणि १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातून कळलं. त्याने बेडकाच्या हृदयाची व्हेगस नस उत्तेजित केली. हृदय मंदावलं. मग त्या हृदयाभोवतीचं द्रव काढून दुसऱ्या हृदयावर टाकलं, तर तेही मंदावलं. याचा अर्थ नस कुठलं तरी रसायन सोडत होती. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलिन. ॲट्रोपिन नावाचं औषध दिलं की हा परिणाम बंद पडतो, हेही त्याने दाखवलं. ते ॲट्रोपिन आपल्या बांधावर उगवणाऱ्या धोतऱ्यातही असतं. धोतऱ्याचं बी पोटात गेलेल्या माणसाचं तोंड कोरडं पडतं, बाहुल्या मोठ्या होतात, लघवी अडते आणि नाडी धावू लागते. ॲसिटिलकोलिन हृदयापाशी पोचतं, पण त्याला बसायची जागा आधीच अडवलेली असते. ब्रेक दाबलेला आहे, तरी तो लागत नाही.

कीटकनाशकाची विषबाधा झालेला शेतकरी ग्रामीण रुग्णालयात येतो तेव्हा हेच ॲट्रोपिन त्याचा जीव वाचवतं. त्या विषाने शरीरात ॲसिटिलकोलिन साठलेलं असतं. डॉक्टर ॲट्रोपिन देत जातात आणि छातीतली घरघर थांबली का, नाडी वर आली का, हे पाहत मात्रा ठरवतात. व्हेगसचा ब्रेक किती सुटला, हे तिथे नाडीवरून वाचलं जातं.

सर्दीच्या गोळीतलं ‘सीपीएम’

आता आपल्या घरातल्या गोळीकडे येऊ. मेडिकलमधून ‘सर्दीची गोळी द्या’ म्हणून जे पाकीट घरी येतं, त्यात बहुतेक वेळा पॅरासिटामॉल, नाक मोकळं करणारं फिनाइलएफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन असतं. क्लोरफेनिरामिनलाच डॉक्टर आणि केमिस्ट ‘सीपीएम’ म्हणतात. प्रोमेथाझिन आणि खोकल्याच्या काही औषधांतलं डायफेनहायड्रामिन हे त्याचेच भाऊबंद. ही सगळी पहिल्या पिढीची अँटिहिस्टामिन.

हिस्टामिन म्हटलं की आपल्याला शिंका, खाज, गांधी आठवतात. पण मेंदूत हेच रसायन माणसाला जागं ठेवतं. पहिल्या पिढीची औषधं सहज मेंदूत शिरतात, तिथलं हिस्टामिन अडवतात, म्हणून ग्लानी येते. एवढ्यावर ती थांबत नाहीत. ॲट्रोपिन ज्या जागा अडवतं, त्याच जागा ही औषधंही थोड्याफार प्रमाणात अडवतात. सर्दीची गोळी घेतल्यावर तोंडाला कोरड का पडते, प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी का तुंबते, याचं उत्तर इथेच आहे. हृदयावरच्या व्हेगसच्या जागाही अशाच अडतात. ब्रेक थोडा ढिला होतो आणि झोपलेल्या माणसाची नाडी जितकी उतरायला हवी तितकी उतरत नाही.

हा परिणाम धोतऱ्याच्या विषबाधेइतका जोरदार नसतो. नेहमीच्या मात्रेत काहींची नाडी तीन-चार ठोक्यांनी वाढते, तर काहींची वाढतही नाही. मात्रा, वय, यकृताचं काम आणि सोबतची इतर औषधं यांवर ते ठरतं. झोपेसाठी किंवा अंगदुखीसाठी लहान मात्रेत दिलं जाणारं अमिट्रिप्टिलिन याच वाटेने जातं, आणि त्याचा हृदयावरचा हा परिणाम सीपीएमपेक्षा सहसा ठळक असतो.

एचआरव्ही म्हणजे नेमकं काय

नाडी साठ आहे याचा अर्थ दर सेकंदाला बरोबर एक ठोका, असा नाही. निरोगी हृदयात दोन ठोक्यांमधलं अंतर सतत थोडं बदलतं. श्वास आत घेताना अंतर कमी होतं, सोडताना वाढतं. या बदलाचं माप म्हणजे हार्ट रेट व्हेरिएबिलिटी, थोडक्यात एचआरव्ही.

हा बदल घडवते मुख्यतः व्हेगस नस. तिचा परिणाम एका सेकंदाच्या आत लागतो आणि तितक्याच लवकर ओसरतो. नाडी वाढवणाऱ्या दुसऱ्या, सिम्पथेटिक नसांचा परिणाम यायला आणि जायला काही सेकंद लागतात. त्यामुळे लगतच्या दोन ठोक्यांमधला फरक दिसला की त्यामागे बहुतांशी व्हेगस असते. बरीच घड्याळं आणि अंगठ्या रात्रीच्या नोंदीसाठी आरएमएसएसडी नावाचं माप वापरतात, ते याच फरकाचं. काही घड्याळं एसडीएनएन हे वेगळं माप दाखवतात, म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये.

उदाहरण घेऊ. ते समजावण्यासाठी रचलेलं आहे, पण त्यातलं गणित खरं आहे. ४६ वर्षांची एक शिक्षिका. पावसाळा संपला की तिला धुळीची ॲलर्जी होते, सकाळी शिंकांचा सपाटा सुरू होतो. ताप नाही. ती आठवडाभर रात्री नऊला ४ मिलिग्रॅम सीपीएमची गोळी घेते.

गोळी नसलेल्या रात्री, गाढ झोपेतल्या सलग पाच अंतरांची नोंद अशी आहे: १०००, १०४०, ९९०, १०३० आणि १००० मिलिसेकंद. सरासरी १०१२, म्हणजे मिनिटाला साधारण ५९ ठोके. लगतच्या अंतरांमधले फरक ४०, ५०, ४० आणि ३०. या प्रत्येकाचा वर्ग करायचा, चारही वर्गांची सरासरी काढायची आणि तिचं वर्गमूळ घ्यायचं. वर्गांची बेरीज ६६००, सरासरी १६५०, वर्गमूळ सुमारे ४१. हा तिचा आरएमएसएसडी.

गोळी घेतलेल्या रात्री त्याच वेळची अंतरं ९४०, ९६८, ९३४, ९६२ आणि ९३६. सरासरी ९४८, म्हणजे ६३ ठोके. फरक २८, ३४, २८ आणि २६. वर्गांची बेरीज ३४००, सरासरी ८५०, वर्गमूळ सुमारे २९. घड्याळ प्रत्यक्षात पाच नव्हे, हजारो ठोके मोजतं, पण हिशोब हाच. नाडी चारच ठोक्यांनी वाढली, तर एचआरव्ही ४१ वरून २९ वर आला. श्वासाबरोबर होणारं अंतराचं हे आकुंचन-प्रसरण व्हेगस घडवते आणि तिची पकड सैल झाली की ते आधी कमी होतं. म्हणून औषधाचा परिणाम नाडीपेक्षा एचआरव्हीत ठळक दिसतो.

या शिक्षिकेला आठ दिवसांनी डॉक्टरांनी लेव्होसेट्रिझिन लिहून दिलं, असं धरू. हे दुसऱ्या पिढीचं औषध. ते मेंदूत कमी शिरतं आणि ॲसिटिलकोलिनच्या जागांना जवळपास हात लावत नाही. शिंका थांबतात, आणि रात्रीचे आकडे हळूहळू ५९ आणि ४१ च्या आसपास परततात. परत येणं ‘हळूहळू’ का, ते समजून घेण्यासारखं आहे. सीपीएमचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला प्रौढ माणसात साधारण वीस तास लागतात. काल रात्री नऊला घेतलेल्या गोळीचा निम्म्याच्या जवळपास अंश आज रात्री नऊलाही अंगात असतो. त्यात रोजची नवी गोळी मिळत गेली की प्रमाण साठतं. म्हणून ‘आज गोळी घेतली नाही, पाहू आकडा काय येतो’ असा एका रात्रीचा पडताळा फसवा ठरतो. चार-पाच दिवस गेल्यावर आलेली रात्रच गोळीविना म्हणायची.

आणखी एक गोष्ट दिसते. गोळीची ग्लानी तीन-चार रात्रींत कमी होऊ लागते, कारण मेंदूला तिची सवय होते. मग माणूस एकाऐवजी दोन गोळ्या घेतो. झोप फारशी वाढत नाही, पण हृदयावरचा ब्रेक आणखी ढिला होतो, तोंड आणखी कोरडं पडतं. वयस्क माणसांत याच टप्प्यावर गोंधळलेपणा आणि रात्री उठताना पडणं सुरू होतं. म्हणूनच अमेरिकेतल्या वार्धक्यतज्ज्ञांच्या संस्थेने ज्येष्ठांनी टाळावयाच्या औषधांच्या यादीत ही जुनी अँटिहिस्टामिन घातली आहेत.

चिंतेच्या गोळीचं गणित वेगळं

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम या गोळ्या ॲसिटिलकोलिनच्या जागांवर बसत नाहीत. मेंदूत ‘गाबा’ नावाचं शांत करणारं रसायन आहे, त्याचा परिणाम त्या वाढवतात. इथे नाडीवर दोन विरुद्ध परिणाम एकाच वेळी होतात. चिंतेने धडधडणाऱ्या माणसाचा सिम्पथेटिक जोर उतरतो, त्यामुळे नाडी खाली यायला मदत होते. पण गाबा मेंदूच्या तळालाही शांत करतं, आणि व्हेगसच्या पेशी तिथेच असतात. त्याही मंदावतात. रक्तदाब जरा उतरला तर शरीर तो सावरायला नाडी थोडी वाढवतं. या सगळ्याची गोळाबेरीज माणसागणिक वेगळी येते. एखाद्याची नाडी दोन ठोक्यांनी उतरते, एखाद्याची चढते. मन शांत झालं म्हणजे एचआरव्ही वाढलाच पाहिजे, हा समज मात्र इथे टिकत नाही. अनेकदा तो तिथेच राहतो किंवा कमी होतो.

झोपेच्या रचनेतही फरक पडतो. या गोळ्यांनी झोप लवकर लागते, जाग कमी येते, पण सर्वांत गाढ टप्पा कमी होतो. नाडी सर्वांत संथ आणि नियमित होते ती याच टप्प्यात. घड्याळावर मात्र विसंबता येत नाही, कारण ते झोपेचा टप्पा मुख्यतः हालचाल आणि नाडी यांवरून ताडतं. गोळीमुळे हालचाल कमी होते आणि नाडीही बदललेली असते, म्हणजे ज्या खुणांवरून अंदाज बांधायचा त्याच औषधाने हललेल्या असतात. अशा रात्री ‘गाढ झोप’ या रकान्यातल्या मिनिटांपेक्षा नाडीच्या मूळ आलेखावर भरवसा ठेवावा.

झोल्पिडेम ही खास झोपेची गोळी गाबाच्याच जागेवर, पण अधिक निवडक पद्धतीने काम करते आणि गाढ झोपेचं नुकसान कमी करते. ती अंगात अर्धी व्हायला अडीच तासच लागतात, म्हणून तिचा परिणाम रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असतो. अल्प्राझोलामला सुमारे अकरा तास लागतात, क्लोनाझेपामला तीस ते चाळीस. झोल्पिडेम स्त्रियांच्या अंगात सकाळपर्यंत जास्त उरते हे दिसल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये स्त्रियांसाठीची शिफारस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणली.

आपल्याकडे अल्प्राझोलामसोबत किंवा नुसतं प्रोप्रॅनोलॉलही चिंतेसाठी दिलं जातं. ते सिम्पथेटिक नसांचा परिणाम अडवतं, त्यामुळे रात्रीची नाडी उतरते आणि एचआरव्ही बहुधा वाढतो. तक्रार एक, दोन गोळ्या, आणि घड्याळावर उलटी दिशा. आकडा सुधारला म्हणून आजार सुधारला, असं म्हणता येत नाही ते यामुळेच.

वाढलेला एचआरव्ही नेहमी चांगला नसतो

घोरणाऱ्या आणि झोपेत श्वास अडणाऱ्या माणसाचं उदाहरण घ्या. श्वास थांबला की नाडी मंदावते, दचकून श्वास सुरू झाला की उसळते. रात्रभर हा खेळ चालतो आणि घड्याळ भरघोस एचआरव्ही दाखवू शकतं. अशा माणसाने झोपेची किंवा चिंतेची गोळी घेतली, त्यातही सोबत दारू असली, तर घशाचे स्नायू आणखी सैल पडतात आणि श्वास अधिक वेळ अडू शकतो. हृदयाची लय बिघडून ठोके पूर्ण अनियमित झाले, तरीही हा आकडा फुगतो. म्हणून अचानक वाढलेल्या आकड्यासोबत सकाळी डोकं दुखत असेल, दिवसा पेंग येत असेल किंवा मनगटावर बोट ठेवल्यावर ठोके वेडेवाकडे लागत असतील, तर त्या आकड्यावर खूश होऊ नये, तपासून घ्यावं.

आणखी एक धोका या दोन्ही आकड्यांत दिसतच नाही. काही औषधांनी प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाचा विद्युतभार पूर्ववत व्हायला वेळ लागतो. टर्फेनाडिन हे ॲलर्जीचं औषध झोप आणत नव्हतं म्हणून लोकप्रिय झालं, पण काही प्रतिजैविकांसोबत घेतल्यावर त्याने जीवघेणे लयबिघाड झाले आणि १९९० च्या दशकात ते मागे घेतलं गेलं. खाजेसाठी आणि चिंतेसाठीही दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिझिनबाबत युरोपात २०१५ मध्ये याच कारणाने मात्रेची मर्यादा घालण्यात आली. हे समजायला ईसीजीच लागतो. अशा गोळ्या चालू असताना चक्कर येऊन शुद्ध हरपली, तर घड्याळ पाहत बसू नये, लगेच रुग्णालय गाठावं.

आकडे कसे वाचावेत

एका रात्रीच्या आकड्याला अर्थ नसतो. उशिराचं जेवण, दारू, ताप यांनी तो सहज हलतो. एक अंश ताप चढला तरी नाडी आठ-दहा ठोक्यांनी वाढू शकते, त्यामुळे सर्दी-तापात दोष गोळीचा की तापाचा, हे आकड्यावरून सांगता येत नाही. पाळीच्या आधीच्या पंधरवड्यात अनेक स्त्रियांची रात्रीची नाडी दोन-चार ठोक्यांनी वर असते. वरच्या उदाहरणातल्या शिक्षिकेने गोळीचा आठवडा आणि गोळीविना आठवडा पाळीच्या एकाच टप्प्यातला निवडला, तरच तिची तुलना खरी ठरेल. आठवड्याची सरासरी आठवड्याशी ताडावी, आणि ती स्वतःच्याच आकड्यांशी. शेजाऱ्याचा एचआरव्ही साठ आणि आपला तीस, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

सर्वांत मोठी चूक होते ती गोळी बंद करताना. घड्याळातला आकडा पाहून कोणी महिनोन्‌महिने चालू असलेली अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम एका रात्रीत सोडू नये. मेंदू त्या गोळीला सरावलेला असतो. ती एकाएकी काढली की झोप उडते, घाम आणि थरथर सुरू होते, नाडी गोळीच्या दिवसांपेक्षाही वर जाते, आणि काहींना फिट येते. ही मात्रा डॉक्टरच आठवड्या-आठवड्याने थोडी थोडी उतरवतात. भारतात अल्प्राझोलाम आणि झोल्पिडेम ‘शेड्यूल एच१’ मध्ये आहेत. केमिस्टने चिठ्ठीशिवाय त्या द्यायच्या नाहीत आणि विक्रीची नोंद वहीत ठेवायची, असा नियम आहे. जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे तीच गोळी आणणाऱ्या घरातल्या ज्येष्ठांना पुन्हा डॉक्टरांकडे न्यावं, ही माझी कळकळीची विनंती आहे.

सर्दीच्या किंवा ॲलर्जीच्या गोळीचं तसं नाही. ती केवळ झोपेसाठी घेत असाल तर तो मार्ग सोडावा, आणि ॲलर्जीसाठी घेत असाल तर दुसऱ्या पिढीचं औषध चालेल का, हे डॉक्टरांना विचारावं. जाताना घड्याळातल्या आलेखासोबत एक कागद न्यावा. त्यावर गोळीचं नाव, मिलिग्रॅम, घेण्याची वेळ आणि किती दिवसांपासून चालू आहे, एवढं लिहावं. सोबत सर्दीचं पाकीट, खोकल्याचं औषध, प्रोस्टेटची किंवा रक्तदाबाची गोळी, जे काही घरात चालू असेल ते सगळं ठेवावं. नाडी चार ठोक्यांनी का वाढली, याचं उत्तर डॉक्टरांना बहुतेक वेळा त्या कागदावर आणि पाकिटामागच्या बारीक अक्षरांत मिळतं. नवं औषध लिहिण्याऐवजी एखादं जुनं कमी करणं पुरेसं आहे का, हेही त्यांना तेव्हाच ठरवता येतं.